पुढची चमक कधी?

१९१० साल. इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर. विद्यापीठाच्या एका मिट्ट काळोख्या खोलीत एक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलाय. समोर झिंक सल्फाइडचा लेप दिलेला एक पडदा आहे, आणि त्यातला जेमतेम एक चौरस मिलिमीटरचा तुकडा त्याला दिसतोय. पडद्याच्या पलीकडे, हवा काढून घेतलेल्या नळीत, पोलोनियमचा लेप असलेली एक छोटीशी चकती. मधूनच पडद्यावर एक बारीक चमक उठते आणि विझते. चमक दिसली रे दिसली की हा माणूस हाताने बटण दाबतो, आणि सरकत्या कागदी फितीवर एक खूण उमटते. दर अर्ध्या मिनिटाला त्याच फितीवर वेळेचीही खूण आपोआप पडते आहे.

हा उद्योग होता अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांचा. पोलोनियमच्या अणूतून अल्फा कण सुटतो, पडद्यावर आपटतो आणि तिथे चमक उठते. हे कण ठरावीक तालात सुटतात की मनात येईल तसे, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पाच दिवस मोजणी चालली. मग फितीचे साडेसात-साडेसात सेकंदांचे तुकडे मानले आणि प्रत्येक तुकड्यात किती खुणा आहेत ते मोजलं. तुकडे भरले २६०८ आणि चमका दहा हजारांच्या थोड्या वर. म्हणजे एका तुकड्यात सरासरी ३.८७ चमका.

आता आपण त्यांच्या फितीला आपला एक प्रश्न विचारू. एक चमक झाली. पुढची दिसायला किती वेळ थांबावं लागेल?

सोपं आहे, म्हणाल तुम्ही. साडेसात सेकंदांत ३.८७ चमका, म्हणून ७.५ ला ३.८७ ने भागा. उत्तर सुमारे १.९४ सेकंद. बरोबर! ही झाली सरासरी वाट. पण मग मी पुढे विचारणार, की निम्म्या वेळा चमक १.९४ सेकंदांच्या आत येते आणि निम्म्या वेळा त्यानंतर, असंच ना?

इथे बहुतेक जण मान डोलावतात, आणि फसतात. निम्म्या वेळा चमक १.३४ सेकंदांच्या आतच आलेली असते! वाट पाहण्याच्या सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावल्या, तर अगदी मधोमध उभी असलेली वेळ म्हणजे मध्यक. ती आहे १.३४, आणि सरासरी आहे १.९४. एकाच फितीतून दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही खरी आहेत. ती येतात कुठून ते पाहू.

त्यासाठी आधी पोलोनियमचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ल्युडो खेळताना सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून सुटत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पाच वेळा सहा पडला नाही की आपल्याला वाटतं, आता तरी पडणारच! फाशाला मात्र मागचं काही आठवत नाही. सहाव्या वेळीही शक्यता तेवढीच, सहातली एक. पोलोनियमचे अणूही असेच विसरभोळे. गेल्या दहा सेकंदांत एकही चमक झाली नाही म्हणून पुढची लवकर होत नाही, आणि आत्ताच एक होऊन गेली म्हणून पुढची उशिराही होत नाही. प्रत्येक क्षणाला चमक होण्याची शक्यता अगदी सारखी. आपल्या पडद्यावर हा वेग आहे सेकंदाला ०.५१६ (३.८७ भागिले ७.५). या वेगाला गणितात λ, म्हणजे लॅम्डा, असं अक्षर वापरतात.

फाशाचं दान टप्प्याटप्प्यानं पडतं, पहिलं, दुसरं, तिसरं. काळाला असे टप्पे नसतात. चमक १.३ सेकंदांनी येईल, १.३१ नी येईल, १.३१४ नी येईल, कितीही बारीक जा. त्यामुळे ‘चमक बरोबर १.९४ सेकंदांनी येण्याची शक्यता किती?’ या प्रश्नाचं उत्तर चक्क शून्य आहे. अगदी नेमक्या त्या क्षणाला काही जाडीच नाही ना! विचारायचं ते असं, की चमक १.९ आणि २ सेकंदांच्या दरम्यान येण्याची शक्यता किती? त्यासाठी आलेखाच्या कागदावर एक वक्र काढतात. आडव्या रेषेवर वेळ, आणि वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे शक्यता. या वक्राच्या उंचीला म्हणतात संभाव्यता घनता. वक्राखालचं सगळं क्षेत्रफळ मिळून १ भरतं, कारण केव्हा ना केव्हा चमक येणारच.

उंची म्हणजे शक्यता नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. जास्त जोमदार चकती आणली आणि सेकंदाला ३ चमका होऊ लागल्या, तर वक्र ३ उंचीवरून सुरू होतो. शक्यता कधी १ च्या वर जाते का? नाही. पण घनता खुशाल जाते, कारण ती आहे ‘दर सेकंदाला किती’. परीक्षेत या जागी दरवर्षी कुणी ना कुणी घाबरून बरोबर उत्तर खोडतं.

या वक्राचा आकार कसा? कल्पना करा, एक हजार वाटा एकाच क्षणी सुरू झाल्या. आपल्या वेगानं पहिल्या सेकंदात त्यातल्या सुमारे ४०३ संपतात. उरल्या ५९७. दुसऱ्या सेकंदातही उरलेल्यांपैकी तेवढाच हिस्सा संपतो, पण आता उरलेलेच कमी आहेत, म्हणून संपतात २४१. तिसऱ्या सेकंदात १४४, चौथ्यात ८६, पाचव्यात ५१. पाच सेकंदांनंतरही पंचाहत्तर-शहात्तर वाटा शिल्लकच आहेत. t सेकंदांनंतर उरलेला हिस्सा असतो e^(−λt). यातला e म्हणजे २.७१८... ही संख्या. जे जे आपल्या शिल्लक मालाच्या प्रमाणात घटतं, तिथे ती हजर असते. आणि संपण्याचा वेग म्हणजे λ गुणिले उरलेला हिस्सा. हीच ती घनता:

f(t) = λe^(−λt)

वक्र शून्यापाशी सगळ्यात उंच, मग घसरत घसरत उजवीकडे जातो आणि आडव्या रेषेला कधीच टेकत नाही. हिला घातांकी घनता म्हणतात.

आता मध्यक काढू. तो फार सरळ आहे. उरलेला हिस्सा बरोबर निम्मा कधी होतो, एवढंच शोधायचं. e^(−λt) = १/२ लिहा, दोन्हीकडे लॉगॅरिदम घ्या. λt = ०.६९३ येतं, कारण २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ आहे. म्हणून मध्यक = ०.६९३/λ. आपल्या पडद्यासाठी ०.६९३ भागिले ०.५१६, म्हणजे १.३४ सेकंद. मजा अशी की आणखी १.३४ सेकंदांनी उरलेल्यातलेही निम्मे संपतात आणि पाव उरतो, आणखी १.३४ नी अर्धपाव. विसरभोळेपणाचाच हा परिणाम.

सरासरी जरा वेगळ्या वाटेनं काढावी लागते. बारावीतले ताई-दादा सांगतील, की प्रत्येक वेळेला तिच्या घनतेनं गुणायचं आणि सगळ्याची बेरीज घ्यायची, म्हणजे t × λe^(−λt) चं शून्यापासून अनंतापर्यंत संकलन करायचं. खंडशः संकलन केलं की t ला जोडलेला तुकडा दोन्ही टोकांना शून्य होतो आणि उरतं फक्त e^(−λt) खालचं क्षेत्रफळ. ते १/λ भरतं. झालं! पण संकलन न शिकलेल्यांनी हिरमुसून बसायचं कारण नाही. मला स्वतःला पुढची युक्ती त्याहून जास्त आवडते.

पुन्हा त्या हजार वाटा घ्या. काळाचे अगदी बारीक तुकडे करा, शंभरावा भाग सेकंदाचा समजा. एका तुकड्यात जेवढ्या वाटा चालू आहेत, तेवढे शंभरांश सेकंद एकूण थांबण्याच्या हिशेबात जमा होतात. त्याच तुकड्यात चमकून संपणाऱ्या वाटा किती? चालू असलेल्या वाटा गुणिले λ गुणिले एक शंभरांश सेकंद. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. प्रत्येक तुकड्यात, संपलेल्या वाटा = λ × जमा झालेला वेळ. तुकडा पहिला असो की पाचशेवा, नातं तेच. मग सगळ्या तुकड्यांची बेरीज केली तरी तेच राहणार: एकूण संपलेल्या वाटा = λ × एकूण थांबलेला वेळ. आणि एकूण संपलेल्या वाटा किती? हजारच, कारण प्रत्येक वाट एकदाच संपते. म्हणून एकूण वेळ १०००/λ, आणि एका वाटेच्या वाट्याला आला १/λ. आपल्या पडद्यावर १ भागिले ०.५१६, म्हणजे १.९४ सेकंद. सुरुवातीला भागाकारानं आलेलं उत्तर इथे घनतेतून आलं.

मग सरासरी मध्यकापेक्षा मोठी का? हजार वाटांचे मिळून सुमारे १९३८ सेकंद झाले. त्यातल्या ज्या ५०० वाटा १.३४ सेकंदांच्या आत संपल्या, त्या सगळ्यांनी मिळून घेतले फक्त २९८ सेकंद. उरलेले १६४० सेकंद दुसऱ्या ५०० वाटांनी खाल्ले! हा १६४० आकडा मी तोंडी काढला. जी वाट १.३४ पर्यंत टिकली, ती विसरभोळी असल्यामुळे तिथून पुढे पुन्हा सरासरी १.९४ सेकंद चालणार. म्हणजे या वाटांची सरासरी ३.२८, आणि अशा वाटा ५००. पाच सेकंदांपलीकडे गेलेल्या वाटांचं तर विचारूच नका. हजारात जेमतेम ७६, पण एकूण वेळातला पावाहून जास्त हिस्सा त्यांचा. सरासरीला हीच लांबलचक शेपटी उजवीकडे ओढते. मध्यकाला तिची फिकीर नसते. त्याच्या लेखी सहा सेकंदांची वाट काय आणि सोळा सेकंदांची काय, दोघीही ‘पलीकडच्या’. म्हणूनच शंभरातल्या सुमारे ६३ वाटा सरासरीच्या आत संपतात आणि ३७ बाहेर जातात. λ कितीही बदला, हे ६३-३७ बदलत नाही.

एवढं सगळं कागदावर झालं. खरी फीत काय म्हणते? साडेसात सेकंदांच्या एका तुकड्यात एकही चमक नसणं म्हणजे, तुकडा सुरू झाल्यापासून साडेसात सेकंदांहून जास्त वाट पाहावी लागणं. (तुकडा चमकेपासून सुरू झालेला नाही, ही तुमची शंका रास्त आहे. पण अणू विसरभोळे आहेत, घड्याळ कुठूनही सुरू केलं तरी चालतं.) त्याची शक्यता e^(−३.८७), म्हणजे साधारण अठ्ठेचाळिसातली एक. तुकडे आहेत २६०८. तेव्हा रिकामे तुकडे साधारण ५४ निघायला हवेत. रदरफर्ड आणि गायगर यांच्या तक्त्यात रिकामे तुकडे आहेत ५७. इतका फरक दैवाच्या खेळात सहज पडतो. शंभर वर्षांहून जुन्या, हाताने बटण दाबून केलेल्या नोंदीसाठी हे फारच सुंदर जुळणं म्हणायला हवं. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, मार्सडेन आणि बॅरट यांनी चमकांमधल्या वेळांचंच वाटप तपासून प्रसिद्ध केलं.

असे प्रयोग तुम्ही कराल तेव्हा घोटाळा कुठे होतो तेही सांगतो. समजा तुम्ही कंटाळलात आणि पाच सेकंदांहून लांब वाटा सरळ फेकून दिल्या. सरासरी १.९४ वरून घसरून १.५३ वर येते, मध्यकही १.२० होतो. पण त्याच वाटा न फेकता ‘पाचपेक्षा जास्त’ एवढीच नोंद केली, तर मध्यक १.३४ च राहतो, कारण रांगेतला मधला माणूस शोधायला शेवटच्याची नेमकी उंची लागत नाही. सरासरी मात्र अशा नोंदीतून सरळ भागाकारानं निघतच नाही. घाईत असाल तर मध्यकच बरा.

दुसरा घोटाळा उलट्या टोकाला. एक चमक टिपून बोट उचलेपर्यंत थोडा वेळ जातो. समजा पाव सेकंदाहून किंचित कमी, ०.२ सेकंद. तेवढ्यात दुसरी चमक झाली तर ती निसटते. मग फितीवर ०.२ हून लहान वाट दिसतच नाही, आणि सरासरी २.१४ व मध्यक १.५४ असे दोघेही फुगतात. हे कळणार कसं? वक्र शून्यापाशी सगळ्यात उंच असायला हवा. तिथेच पहिली पट्टी रिकामी दिसली, तर दोष अणूचा नाही, बोटाचा आहे. आणखी एक झटपट तपासणी आहे. मध्यकाला सरासरीनं भागा. ०.६९ च्या आसपास यायला हवं. लांब वाटा फेकल्या तर ०.७८ येतं, बोट मंद असेल तर ०.७२. मोजण्या भरपूर हव्यात मात्र, वीस-पंचवीस वाटांवर या तपासणीचा भरवसा धरू नका.

आणि वेग स्थिर नसेल तर वरचं सगळं गणित लंगडं पडतं. पोलोनियमचे अणू संपत जातात, त्यामुळे चमकाही हळूहळू कमी होतात. पाच दिवसांत सुमारे अडीच टक्के. रदरफर्ड-गायगर यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते चकती रोज पडद्याच्या थोडी जवळ सरकवत, आणि चमकांचा वेग जवळपास तेवढाच राही.

अडीच टक्के हा आकडा मी कुठून आणला? पोलोनियमचा एकेक अणूही कण सोडण्याची वाट पाहत असतो, आणि त्या वाटेचीही घनता घातांकीच असते. फक्त λ वेगळा. मोजमाप सेकंदांत नाही, दिवसांत. पुस्तकात पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवस दिलेलं असतं, म्हणजे इतक्या दिवसांत निम्मे अणू फुटतात. निम्मे! मग हे अर्धायुष्य म्हणजे आपला मध्यकच की. एका अणूचं सरासरी आयुष्य किती? १३८ ला ०.६९३ ने भागा, सुमारे २०० दिवस. अर्धायुष्याच्या दुप्पट केलंत तर चुकाल. २७६ दिवसांनी सगळे अणू संपत नाहीत, पाव भाग तेव्हाही शिल्लक असतो.

कुठल्याही किरणोत्सारी मूलद्रव्याच्या तक्त्यात बहुधा अर्धायुष्यच छापतात, म्हणजे मध्यक. त्याला १.४४ ने गुणलं की सरासरी आयुष्य मिळतं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं आहे. त्याच्या अणूचं सरासरी आयुष्य तुम्ही काढा. ८२५० आणि ८३०० च्या दरम्यान आलं तर उत्तर बरोबर.